वजन उतरवायला गेलो आणि मूळव्याध उसळली! उलटं कसं झालं?

उद्यमबागचा_पाना
मंडळी, विषय जरा खालचा आहे, पण घरी बोलायची लाज वाटते म्हणून इथं लिहितोय.

वय ४६, उंची पाच फूट सहा, फौंड्रीत सुपरवायझर. जूनमध्ये वजन ९७ किलो होतं. पोट साफ व्हायची बोंब जुनीच, दोन दिवसाआड कसंबसं. गेल्या वर्षापासून अधूनमधून रक्त पडायचं. दुखत नव्हतं, म्हणून मीही लक्ष दिलं नाही. जोर केला की काहीतरी बाहेर आल्यासारखं वाटायचं आणि उठलो की आपोआप आत जायचं.

एका मित्रानं सांगितलं, वजन उतरव, मूळव्याध आपोआप जाते. मी पेटलो. भात बंद, भाकरी बंद, चपाती बंद. सकाळी नुसता काळा चहा, दुपारी चार अंडी, रात्री पनीर आणि डब्यातली प्रोटीन पावडर. पाच आठवड्यांत सहा किलो उतरले, कंपनीत सगळे वा वा करायला लागले. इकडे संडासला चौथ्या दिवशी, तेही शेळीच्या लेंड्या. तिसऱ्या आठवड्यात भांडं लाल झालेलं बघून मला घाम फुटला.

आता सगळं सोडलंय. वजन परत ९५. मला एवढंच सांगा, वजन कमी झाल्यावर त्रास कमी व्हायला हवा होता की वाढायला? ते म्हणणंच खोटं होतं काय?

निपाणी_तंबाखू
काळा चहा आणि अंडी? अहो तुम्ही आतड्याला लॉकआऊट दिला की. कच्चा माल नाही तर प्रॉडक्शन कुठनं येणार?

गुंजीचा_पाटील
चूक वजनाची नाही, गव्हाची आहे. गहू चिकट, आतड्याला चिकटून बसतो. आमच्या खानापूर तालुक्यात जुनी माणसं नाचणी आणि ज्वारीवर जगली, कुणाला मूळव्याध माहीत नव्हती. गहू कायमचा बंद करा, दोन वेळ ज्वारीची भाकरी खा आणि सुरणाची भाजी. दीड महिन्यात फरक पडला नाही तर माझं नाव बदला. मिरची पण बंद. उष्ण पडते.

कडोलीचा_शेतकरी
पाटील, मी जन्मभर ज्वारीची भाकरी खाल्ली. वजन ५२ किलो. दोन वर्षांमागं मला मूळव्याधीला रबर बँड टाकून घ्यावं लागलं. आता बोला.

निपाणी_तंबाखू
पाटलांचं नवीन नाव सुचवायला धागा वेगळा काढूया काय?

सिस्टर_बाई
मी बेळगावात सर्जरी ओपीडीत बावीस वर्षं काढली. नाव विचारू नका, हॉस्पिटलही विचारू नका.

पाना, तुमच्या मित्राचं अर्धं खरं होतं. ते अर्धं कुठलं ते आधी बघू.

मूळव्याधीच्या जागी सगळ्यांनाच रक्तानं भरलेल्या मऊ गाद्या असतात, लहान पोरालाही. दार नीट मिटायला त्या लागतात. तुम्ही वर्षानुवर्षं कुंथत राहिलात की त्यांना धरून ठेवणारे धागे ढिले होतात, गादी फुगते आणि खाली घसरते. पोटात चरबी जास्त असली की पोटातला दाब चोवीस तास थोडा चढलेलाच असतो. खालचं रक्त वर परतायला वेळ लागतो. म्हणजे वजनाचा हात आहे, पण धक्का देतं ते कुंथणं. म्हणून कडोलीचे ५२ किलोचे शेतकरीही सुटत नाहीत. पोती उचलताना श्वास कोंडला तरी तोच दाब येतो.

आता तुमचं. पाच आठवड्यांत वजनाचा दाब थोडा उतरला असेल, पण खडा झाल्यामुळं कुंथायचा दाब कितीतरी वाढला. शौच बनते ती न पचलेल्या चोथ्यापासून, पाण्यापासून आणि आतड्यातल्या जंतूंपासून. अंडी, पनीर आणि पावडर यांत चोथा जवळजवळ शून्य. खाणंच कमी, त्यामुळं पुढं ढकलायला मागनं काही येत नाही. मोठं आतडं रिकामं बसत नाही, आहे त्यातलं पाणी शोषत राहतं. चार दिवस शोषलं की उरतो तो खडाच. वरनं तुम्ही सकाळचा नाश्ता बंद केला. पोटात अन्न पडलं की खालच्या आतड्याला हालचालीचा इशारा जातो, तो दिवसातला सगळ्यात जोराचा इशारा सकाळीच असतो. तोही तुम्ही घालवलात.

पण एक आधी. वय ४६ आणि रक्त. "मूळव्याधच असणार" हे तुम्हाला कुणी बघून सांगितलंय, की तुम्हीच ठरवलंय?

उद्यमबागचा_पाना
मीच ठरवलंय 😐

सिस्टर_बाई
मग आहाराचं नंतर. आधी सर्जनला दाखवा. लाल, ताजं, शौचाच्या वरनं किंवा शेवटी ठिबकणारं रक्त मूळव्याधीचं असू शकतं. पण काळपट, शौचात मिसळलेलं रक्त, सवय अचानक बदलणं, शौच बारीक होत जाणं, अशक्तपणा, न ठरवता वजन उतरणं, यातलं काहीही असेल तर आत दुर्बीण घालून बघावंच लागतं. तुमच्या वयात पहिल्यांदा रक्त पडलं तर मूळव्याध दिसली तरी आत बघून घ्या असं आमचे सर सांगायचे. मूळव्याध आणि कॅन्सर एकाच माणसाला असू शकतात. एक सापडली म्हणून शोध थांबवायचा नाही.

हिमोग्लोबिन करा. आणि थायरॉईड. वजन वाढतंय आणि पोट साफ होत नाही ही दोन्ही थायरॉईडचीच लक्षणं असलेली माणसं मी दर आठवड्याला बघायची. ती बिचारी पोटाचं चूर्ण खात वर्षं काढतात.

भालकीकर
नमस्कार. माझ्या मुलाचं वजन वाढत नाही, वय २२, ४८ किलो आहे. त्याला वरील प्रोटीन पावडर चालेल का? कुठल्या कंपनीची?

निपाणी_तंबाखू
भालकीकर काका, वरचं पूर्ण वाचा आणि मग सांगा द्यायची की नाही 😂

मंगल_येळ्ळूर
भाऊ, माझं पण लिहिते. दुसऱ्या बाळंतपणानंतर वजन ७८ वर गेलं. संडासला बसलं की ब्लेडनं कापल्यासारखं व्हायचं, नंतर तासभर आग. सासूबाई म्हणाल्या मूळव्याध, वैदूकडनं मलम आणलं. सहा महिने तेच लावत बसले. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, ही मूळव्याध नव्हे, चीर पडलीय. आणि रक्तवाढीच्या लोखंडाच्या गोळ्यांनी पोट आणखी घट्ट झालंय. गोळी बदलून दिली, कोमट पाण्याच्या टबात दिवसातनं दोनदा बसायला सांगितलं, लावायचं मलम वेगळं दिलं. दोन महिन्यांत बरी झाले. वजन मात्र अजून ७४.

सिस्टर_बाई
मंगलताईंनी नेमकं सांगितलं. आतली मूळव्याध सहसा दुखत नाही, रक्त देते. कापल्यासारखं दुखलं की बहुतेक चीर असते. लोक दोन्हीला मूळव्याधच म्हणतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला लावतात.

लोखंडाच्या गोळीनं शौच काळी होते, त्याला घाबरायचं नाही. पण गोळी चालू नसताना डांबरासारखी काळी झाली तर त्याच दिवशी दवाखाना.

कारवारचा_बांगडा
कन्नडमध्येही मूलव्याधीच म्हणतात बरं का. माझ्या कन्नड शेजाऱ्याशी तीस वर्षांत एकाच शब्दावर एकमत झालंय, ते ह्या.

गुंजीचा_पाटील
एकमत चांगलंच. पण गव्हाचं काय? सिस्टर बोलल्या नाहीत.

सिस्टर_बाई
बोलते. पाटील, तुमची भाकरी चांगलीच आहे, मी स्वतः खाते. पण गव्हावर राग नको. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण दहा ग्रॅम चोथा असतो, नाचणीत अकरा, कोंड्यासकटच्या गव्हाच्या पिठातही अकराच. चिकटून बसतो वगैरे काही नाही. फरक पडतो तो पांढऱ्या भातात. शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात तीनही भरत नाही. मैद्याची पण तीच गत. आपल्याकडं बासमती पिकतो, आपला जीव भातावर, आणि ताटात भाताचा डोंगर व कडेला चमचाभर भाजी. घोटाळा तिथं आहे. आणि घरात पीठ बारीक चाळणीनं चाळून कोंडा म्हशीला घालतात. म्हशीचं पोट साफ, आपलं नाही.

मिरचीनं मूळव्याध होत नाही. चीर असली तर झोंबते, तेव्हा कमी करावी.

गुंजीचा_पाटील
मिरचीचं पटलं नाही. मला स्वतःला ठेचा खाल्ला की दुसऱ्या दिवशी त्रास होतोच. अनुभव हा अनुभव असतो. म्हशीचं मात्र पटलं.

हडपसरचा_बेळगावकर
मी वजनाचं ते आठवड्याचं इंजेक्शन घेतोय, पुण्यात डॉक्टरांच्या देखरेखीखाली. १०८ वरनं सात महिन्यांत ९३. भूकच लागत नाही. पण बद्धकोष्ठता इतकी की जुनी मूळव्याध परत आली. पानासाहेब, तुमच्यासारखंच उलटं झालं. डॉक्टर म्हणाले, हा त्या औषधाचा नेहमीचा त्रास आहे, पोट सावकाश चालतं आणि भूक नाही म्हणून माणूस पाणीही कमी पितो. डोस वाढवायचा थांबवलाय, इसबगोल चालू केलंय. सांगायचं हे की काटा खाली गेला म्हणजे खालचं दुकान आपोआप सुधारतं असं नाही.

कडोलीचा_शेतकरी
मग वजनाचा संबंध आहे की नाही ते एकदा ठरवा की. मला तर वाटतंय वजन उतरवायला माणूस जे भाजीपाला खातो, चालतो, त्यानंच गुण येतो. काटा नुसता साक्षीदार.

सिस्टर_बाई
कडोलीकर, तुमचा मुद्दा मला खोडता येत नाही. वजन कमी आणि सवयी जुन्याच, असं कुणी करून दाखवलं तर कळेल. पण ढेरी उतरल्यावर वाकायला, उकिडवं बसायला आणि चालायला जमतं, तेही गुणच आहेत की.

---

उद्यमबागचा_पाना
मंडळी, धागा आठ महिन्यांनी वर काढतोय. रागावू नका, सगळं वहीत लिहून ठेवलंय, तेच इथं टाकतो.

सर्जननं बघितलं. दुसऱ्या पायरीची मूळव्याध, म्हणजे बाहेर येऊन आपोआप आत जाणारी. दुर्बिणीनं आत तपासलं, बाकी काही नाही. तो निरोप ऐकेपर्यंतचे चार दिवस मी कसे काढले माझं मला माहीत. हिमोग्लोबिन ११.२, थायरॉईड नॉर्मल.

आहारतज्ज्ञ बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, दिवसात चहा किती? फौंड्रीत सहा कप, दोन-दोन चमचे साखर. मोजून बघा म्हणाल्या. बारा चमचे! त्यावरच त्यांनी सुरुवात केली. सहाचे तीन कप, साखर अर्धा चमचा. शिफ्ट सुटल्यावरची भजी आणि भडंग आठवड्यातनं एकदा. भात बंद नाही केला, रात्रीच्या अडीच वाट्यांची एक वाटी केली आणि उरलेल्या जागेत भाजी. बायकोनं पीठ चाळायचं बंद केलं. सकाळी सहाला निघायच्या आधी एक भाकरी नाहीतर उपमा, पोटात काहीतरी पडलंच पाहिजे. त्या म्हणाल्या, आठवड्याला अर्ध्या किलोच्या वर उतरलं तर मला फोन करा, शाबासकी देणार नाही.

चोथा एकदम वाढवू नका म्हणाल्या होत्या. मी शहाणा, पहिल्याच आठवड्यात दोन वाट्या उसळ, काकडी, पेरू, रताळी, सगळं एकदम. पोट ढोल. मीटिंगमध्ये बसवेना. मग त्यांच्या म्हणण्याप्रमाणं आठवड्याला एकच वस्तू वाढवली. इसबगोल रात्री एक चमचा, पंधरा दिवसांनी दोन. पहिल्यांदा अर्ध्या कपात कालवून चाटून खाल्लं, तर दोन दिवस आणखी घट्ट. मोठा ग्लासभर पाण्यात घालून फुगायच्या आत प्यायचं आणि वर आणखी एक ग्लास, हे नंतर कळलं. सिस्टर, तुम्ही वाळूवाल्याला एका वाक्यात सांगितलं असतं तर कळलं असतं. मोल्डिंगच्या वाळूत ओल कमी पडली की साचा फुटतो. माती कितीही चांगली घाला, पाणी नसेल तर ती कोरडीच. भट्टीजवळ असतो त्या दिवशी अडीच लिटरनंही भागत नाही.

आता लाजेची गोष्ट. कंपनीचा संडास घाण, म्हणून मी वीस वर्षं कळ दाबून धरत आलोय. घरी आलो की मग मोबाईल घेऊन अर्धा तास. सर्जननं विचारलं, आत किती वेळ बसता? मी सांगितलं. म्हणाले, त्या अर्ध्या तासात गादी खाली लोंबकळत असते, बातम्या नंतर वाचा. आता मोबाईल बाहेर, पाच-सात मिनिटं, नाही झालं तर उठायचं. गुडघ्यामुळं उकिडवं बसता येत नाही, म्हणून कमोडपुढं पाट ठेवला. पाय वर, अंग थोडं पुढं. पहिल्या दिवशी बायको हसली. आता तिचाही पाट वेगळा आहे.

वहीतले आकडे: ऑगस्टमध्ये ९५. ऑक्टोबरला ९१. दिवाळीत कुंदा आणि करदंट, महिनाभर काटा हललाच नाही. जानेवारीत ८८. परवा ८४. सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात चाळीस मिनिटं चालतो. रक्त शेवटचं दिसलं सप्टेंबरात, तेव्हा वजन ९३ का कायतरी होतं. म्हणजे कडोलीकर, तुमचं खरं वाटतंय मला. दोन किलोत दाब असा किती उतरला असणार? रक्त थांबलं ते शौच मऊ झाली म्हणून. पण जडपणा, बाहेर आल्याची भावना, ती मात्र नव्वदच्या खाली आल्यावर कमी झाली. एकदा लग्नात चार दिवस जेवण उलटंपालटं झालं तेव्हा परत वाटलं. कोंब गेलेला नाही.

सिस्टर_बाई
आधीच सांगायचं राहून गेलं ते हेच. ढिली झालेली गादी वजनानं परत घट्ट होत नाही, ती फक्त शांत राहते. हिमोग्लोबिन परत केलं काय?

उद्यमबागचा_पाना
१३.६. सर्जन म्हणतात आता रक्त नाही तर बँड टाकायची घाई नाही, परत सुरू झालं तर ओपीडीतच रबर बँड टाकून देऊ. मी अजून ठरवलं नाही. टाकून मोकळं व्हावं असंही वाटतंय.

कडोलीचा_शेतकरी
मला दोन दिवस जड वाटलं, तिसऱ्या दिवशी शेतात. पण नंतर सवयी सोडल्या तर दुसरीकडं येतंय म्हणाले होते. आलं नाही अजून.

हडपसरचा_बेळगावकर
पानासाहेब, सात महिन्यांत अकरा किलो. मी तेवढ्यात पंधरा उतरवले, पण सुख तुमच्याकडं जास्त दिसतंय. इसबगोलनं मला बरं आहे, फक्त माझी थायरॉईडची गोळी सकाळची, म्हणून इसबगोल रात्रीच घ्यायला सांगितलंय. दोन्हींत निदान चार तास.

गुंजीचा_पाटील
सुरण खाल्लं की नाही ते लिहिलं नाही.

उद्यमबागचा_पाना
खाल्लं पाटील. घसा खाजला. चिंच कमी पडली वाटतं.

मंगल_येळ्ळूर
भाऊ, पाट किती उंचीचा?

उद्यमबागचा_पाना
आठ इंच. देवघरातला घेऊ नका, मी घेतला होता. आई अजून बोलत नाही.